घटक ७ : हॅशटॅगची लिपी आणि मराठी मजकुराची पोच

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :

- संगणक हॅशटॅग कसा ओळखतो आणि त्यात देवनागरीच्या स्वरचिन्हांचे स्थान काय, हे सांगता येईल.
- एकाच मराठी नावाचे देवनागरीत व रोमन लिपीत अनेक हॅशटॅग का होतात, याची भाषिक कारणे स्पष्ट करता येतील.
- दिलेल्या मजकुरासाठी लिपीची निवड वाचकवर्ग लक्षात घेऊन करता येईल.
- लिपीमुळे पोच खरोखर बदलली की नाही, याचा साधा पडताळा घेता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मराठी भाषा दोन लिपींत लिहिली जाणे ही नवी गोष्ट नाही. दप्तरी लेखनासाठी मोडी आणि ग्रंथांसाठी बाळबोध, अशी विभागणी मराठीने काही शतके चालवली. ती लेखनाच्या कामानुसार झालेली होती. आज समाजमाध्यमांवर देवनागरी आणि रोमन अशी जी दुहेरी वहिवाट दिसते, ती मात्र एकाच कामात, किंबहुना एकाच वाक्यात दिसते. मजकूर देवनागरीत आणि त्याखालचे हॅशटॅग रोमन लिपीत, असा प्रकार आपण रोज पाहतो.

या घटकासाठी आपण धाराशिव जिल्ह्यातील भूम हे तालुक्याचे गाव उदाहरण म्हणून घेणार आहोत. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने परंडा, भूम आणि आसपासच्या तालुक्यांत पूर आला. शेते, गोठे व घरे पाण्याखाली गेली. अशा वेळी एखाद्या वस्तीतून लिहिलेली मदतीची मागणी योग्य माणसापर्यंत जाते की नाही, याला महत्त्व येते. ती मागणी कोणत्या नावाखाली नोंदली गेली, हा तिच्या वाटेतला एक लहान पण ठरावीक टप्पा आहे. तो टप्पा आपण नीट पाहू.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ हॅशटॅग म्हणजे नोंदीचे नाव

२३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर गटवार चर्चेसाठी # हे चिन्ह वापरण्याची सूचना केली. त्यानंतर हे चिन्ह रूढ झाले. # या चिन्हाला लागून आलेला शब्द संगणक नोंदीचे नाव मानतो, आणि तेच नाव असलेल्या सर्व पोस्ट एका यादीत लावतो. ग्रंथालयात एखाद्या फळीला चिठ्ठी लावावी आणि त्या चिठ्ठीची पुस्तके तेथे ठेवावीत, तसे हे काम चालते.

या तुलनेतला महत्त्वाचा भाग पुढे आहे. ग्रंथपाल शब्दाचा अर्थ जाणतो. 'भूम' आणि 'Bhum' ही एकाच गावाची नावे आहेत, हे त्याला कळते. हॅशटॅगची यादी मात्र अर्थावर लागत नाही, ती अक्षरांच्या क्रमावर लागते. म्हणून #भूम आणि #Bhum या दोन वेगळ्या फळ्या होतात. #भूमतालुका ही तिसरी फळी होते, कारण सबंध शब्द जुळावा लागतो. शोधपेटीत शब्द टाकल्यावर जवळपासचे पर्याय सुचवले जातात, पण हॅशटॅगवर बोट ठेवल्यावर उघडणारी यादी त्या एकाच नावाची असते.

रोमन लिपीत एक सवलत मिळते. #bhum, #Bhum आणि #BHUM यांत मोठ्या-लहान अक्षरांचा भेद यंत्र दुर्लक्षित करते. देवनागरीत तसा भेदच नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आहे, आणि तो यंत्र दुर्लक्षित करत नाही. भ, दीर्घ ऊकार आणि म या क्रमाने 'भूम' होतो. ऱ्हस्व उकार टाकला की 'भुम' होतो, आणि तो यंत्राच्या दृष्टीने वेगळा शब्द असतो.

७.२.२ स्वरचिन्हे आणि तुटलेले हॅशटॅग

रोमन लिपीतील प्रत्येक स्वर हे स्वतंत्र अक्षर आहे. देवनागरीत व्यंजनाला जोडणारा स्वर काना, वेलांटी, उकार किंवा मात्रा या चिन्हाने दाखवला जातो. युनिकोडच्या वर्गीकरणातही हाच फरक आहे. 'भ' आणि 'म' यांचा समावेश अक्षरांत होतो, तर उकार, काना, अनुस्वार व हलन्तचिन्ह यांचा समावेश 'जोडचिन्हे' या वेगळ्या वर्गात होतो.

हॅशटॅग प्रथम रोमन लिपीपुरते होते. जुलै २०११ मध्ये ट्विटरने रशियन, कोरियन, जपानी इत्यादी लिपींना वाट मोकळी केली. मात्र केवळ 'अक्षर' वर्गाला मान्यता देणारा नियम देवनागरीला पुरत नाही. असा नियम #भूम वाचताना भ स्वीकारतो, उकारापाशी शब्द संपला असे समजतो, आणि हाती #भ एवढाच तुकडा उरतो. मोठ्या समाजमाध्यमांवर ही अडचण आता दूर झालेली आहे. अभ्यासासाठी हॅशटॅग मोजणाऱ्या साधनांत मात्र ती आजही सापडते. पायथन या संगणकभाषेतील नेहमीचा नियम लावून पाहा :

```
re.findall(r'#\w+', '#भूम #खवा #Bhum')
# ['#भ', '#खव', '#Bhum']
```

रोमन हॅशटॅग अखंड आला आणि देवनागरी हॅशटॅग तुटले. या साधनाने काढलेल्या मोजणीत देवनागरीचा वापर कमी आणि विस्कळीत दिसेल, आणि तो दोष लिहिणाऱ्यांचा नसून मोजणाऱ्याचा असेल. देवनागरीचा संपूर्ण पट्टा नियमात घातला की ही चूक टळते :

```
re.findall(r'#[\w\u0900-\u097F]+', '#भूम #खवा #Bhum')
# ['#भूम', '#खवा', '#Bhum']
```

आकडेवारीत #भ, #खव, #मर असे अर्थहीन तुकडे दिसले, तर ही चूक झाली असे ओळखावे.

७.२.३ एका नावाच्या अनेक फळ्या

रोमन लिपीतील फाटे कशामुळे पडतात? रोमन मराठीला सर्वमान्य लेखननियम नाहीत. दीर्घ ऊ कोणी u असा लिहितो, तर कोणी oo असा. म्हणून #Bhum आणि #Bhoom असे दोन हॅशटॅग होतात. 'खवा' या शब्दाचे #khava आणि #khawa होतात. ट-त, ठ-थ, ड-द, ण-न, ळ-ल हे भेद रोमन लेखनात बहुधा लोपतात. त्यामुळे काही वेळा दोन वेगळे मराठी शब्द एकाच रोमन फळीवर येतात.

देवनागरीला लेखननियम आहेत. तेथील फाटे तीन प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार ऱ्हस्व-दीर्घाचा. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा, या नियमाने 'भूम' बरोबर आहे. तरी घाईत 'भुम' लिहिणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची पोस्ट वेगळ्या यादीत जाते.

दुसरा प्रकार विभक्तीचा. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतो. 'भूमचा', 'भूमला', 'भूममध्ये' या रूपांना # लावला, तर तीन नवी नावे तयार होतात. कित्येक शब्दांत सामान्यरूप होताना मूळ शब्दच बदलतो. 'पूर' या शब्दाचे 'पुरात' आणि 'पुराचे' होते, म्हणजे दीर्घ ऊकारही ऱ्हस्व होतो. #पुरात हा हॅशटॅग #पूर या यादीत कधीच दिसणार नाही. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय सुटे राहत असल्याने वाक्यातल्या कोणत्याही नामाला # लावता येतो. मराठीत ती सवय उसनी घेतली की नुकसान होते.

तिसरा प्रकार डोळ्यांना न दिसणारा आहे. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी टंकलिखित होतो. काही कळपाट त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. काही कळपाट साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण यंत्रासाठी अक्षरक्रम वेगळा असतो. म्हणून असे जोडाक्षर असलेला शब्द शक्यतो हॅशटॅगसाठी घेऊ नये. #शेतकरी हे मूळ रूप घेतल्यास अडचण उद्भवत नाही.

भूमच्या बाबतीत आणखी एक फाटा आहे. उस्मानाबाद जिल्ह्याच्या नामांतराची राज्य शासनाची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली आणि जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. त्यापूर्वीचा बहुतेक मजकूर #उस्मानाबाद आणि #Osmanabad या नावांखाली आहे, आणि नंतरचा पुष्कळसा #धाराशिव आणि #Dharashiv या नावांखाली. जिल्ह्याची स्मृती अशी चार फळ्यांवर विभागलेली आहे. जुने संदर्भ शोधणाऱ्याला चारही पाहाव्या लागतात.

७.२.४ कोणत्या फळीवर कोण उभे असते?

पोच म्हणजे पोस्ट ज्यांच्या पडद्यावर आली अशा वेगवेगळ्या व्यक्तींची संख्या. लिपीचा तिच्यावरील परिणाम प्रामुख्याने दोन गोष्टींतून होतो.

पहिली गोष्ट म्हणजे फळीचा वेग. #Maharashtra यासारख्या यादीत सतत नव्या पोस्ट येतात, त्यामुळे आपली पोस्ट काही क्षणांतच खाली जाते. #भूम या यादीत नवी पोस्ट क्वचित येते, म्हणून ती बराच काळ वर राहते. मोठ्या फळीवर वाचक जास्त असले, तरी आपल्या पोस्टच्या वाट्याला येणारा वेळ फार थोडा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शोधणाऱ्याची टंकनाची सवय. गावातला माणूस मराठी कळपाटावर 'भूम' लिहील. पुण्यात नोकरी करणारा भूमचाच माणूस मराठी वाचतो, पण शोधताना पुष्कळदा Bhum टंकतो. मराठी न वाचणारा अधिकारी, पत्रकार किंवा मदतसंस्थेचा कार्यकर्ता केवळ रोमन नाव शोधू शकतो. म्हणजे लिपी निवडताना आपण वाचक निवडत असतो.

येथे एक गैरसमज टाळावा. देवनागरी हॅशटॅग म्हणजे मराठी वाचकांची फळी, असे नेहमी नसते. #कविता, #प्रेम, #गाव हे शब्द हिंदीतही तसेच लिहिले जातात, त्यामुळे त्या फळीवर मराठी मजकूर हिंदीच्या गर्दीत हरवतो. #पाऊस, #शेतकरी, #पेढा हे शब्द मात्र मराठीच्या वळणाचे आहेत, कारण हिंदीत त्यांच्या जागी बारिश, किसान, पेड़ा असे शब्द येतात. लिपीइतकेच शब्दाचे रूपही वाचक ठरवते.

या परिणामाला मर्यादाही आहेत. व्हॉट्सॲपच्या गटात लिहिलेला हॅशटॅग गटाबाहेरच्या कोणत्याही सार्वजनिक यादीत जात नाही. खाजगी खात्यावरील पोस्टचेही तसेच आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी हॅशटॅगमुळे पोच फारशी वाढत नाही, असे जाहीरपणे सांगितले आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या माध्यमाने हॅशटॅगचे अनुसरण करण्याची सोय काढून टाकली. आजची पोच मुख्यतः शिफारस करणाऱ्या यंत्रणेवर आणि अनुयायांवर अवलंबून असते. हॅशटॅगचे उरलेले खरे काम म्हणजे मुद्दाम शोधायला आलेल्या माणसाला पोस्ट सापडू देणे. आपत्तीच्या वेळी नेमका तोच माणूस महत्त्वाचा असतो.

७.२.५ एक उदाहरण : मदतीची मागणी

अभ्यासासाठी पुढील पोस्ट रचली आहे. भूम तालुक्यातील नदीकाठच्या वस्तीतून एक विद्यार्थी घाईत लिहितो, अशी कल्पना करा.

> वस्तीत पाणी शिरले आहे. #भुम मधील #शेतकर्‍यांना मदत करा. #भूमपूर #Maharashtra #help #viral

मजकूर कळकळीचा आहे. आता तो फळीवर कुठे जातो ते पाहू. #भुम ऱ्हस्व असल्याने #भूम पाहणाऱ्याला तो दिसणार नाही. 'मधील' हा भाग हॅशटॅग टिकावा म्हणून सुटा लिहिला आहे, त्यामुळे शुद्धलेखनही बिघडले. #शेतकर्‍यांना हे विभक्तीचे रूप आहे आणि त्यात अदृश्य जोडचिन्ह आहे. #भूमपूर या हॅशटॅगमध्ये लेखकाला 'भूममधील पूर' म्हणायचे आहे, पण सोलापूर, कोल्हापूर वाचणाऱ्या डोळ्यांना ते एखाद्या गावाचे नाव वाटते. तेथे अधोरेषा देऊन #भूम_पूर लिहिता आले असते, कारण अधोरेषेने हॅशटॅग तुटत नाही. मोकळी जागा किंवा संयोगचिन्ह आले की मात्र तो तुटतो. #help आणि #viral या फळ्यांवर भूमचा पूर शोधणारे कोणीही उभे नाही. चारा किंवा पिण्याचे पाणी हवे आहे, हे तर मजकुरात आलेलेच नाही.

हीच पोस्ट अशी लिहिता येईल :

> भूम तालुक्यातील (जि. धाराशिव, पूर्वीचे उस्मानाबाद) आमच्या वस्तीत पाणी शिरले आहे. जनावरांसाठी चारा व पिण्याचे पाणी तातडीने हवे आहे. Bhum taluka: fodder and drinking water needed.
> #भूम #Bhum #धाराशिव #Dharashiv #पूर

येथे वाक्यातील शब्दांना # लावलेला नाही, म्हणून मराठी वाक्यरचना आणि विभक्ती मोकळी राहिली. हॅशटॅग शेवटी आणि मूळ रूपात आहेत. गावाचे आणि जिल्ह्याचे नाव दोन्ही लिपींत असल्याने वर सांगितलेले तिन्ही प्रकारचे वाचक त्यांच्या सवयीने पोस्टपर्यंत येऊ शकतात. जिल्ह्याचे जुने नाव मजकुरात दिल्यामुळे ते शोधणाऱ्यालाही धागा मिळतो. रोमन लिपीतील एक ओळ मराठी न वाचणाऱ्याला गरज सांगते. ती नसती, तर #Bhum वरून आलेला कार्यकर्ता पोस्ट पाहून पुढे गेला असता. हॅशटॅग माणसाला दारापर्यंत आणतो, पुढचे काम मजकुरालाच करावे लागते.

७.२.६ पडताळा कसा घ्यावा?

'देवनागरी वापरले आणि पोच वाढली' असे अनुभव पुष्कळ सांगितले जातात. एका पोस्टवरून असा निष्कर्ष निघत नाही. भूम तालुक्यात खव्याचा व्यवसाय मोठा आहे, म्हणून खवा विकणाऱ्या एका कल्पित पानाचे उदाहरण घेऊ. समजा, #khava लावलेली पोस्ट ३१० जणांपर्यंत गेली आणि पुढच्या आठवड्यात #खवा लावलेली ४२० जणांपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात सण असेल, छायाचित्र अधिक चांगले असेल किंवा कोणी मोठ्या खात्याने ती पुढे पाठवली असेल. लिपी हे त्यातले एकच कारण आहे.

म्हणून पोस्टच्या जोड्या कराव्यात. दोन्ही पोस्टचा विषय, छायाचित्राचा प्रकार, वार आणि वेळ सारखी ठेवावी व फक्त हॅशटॅगची लिपी बदलावी. एका जोडीत देवनागरी आधी, तर दुसऱ्या जोडीत रोमन आधी असा क्रम पालटावा. प्रत्येक पोस्टची पोच ठरावीक कालावधीने, उदाहरणार्थ ७२ तासांनी, नोंदवावी. चार जोड्यांत चारही वेळा देवनागरी पुढे आली, तरी घाई करू नये. नाणे चार वेळा उडवल्यास चारही वेळा छापा येण्याची शक्यता सोळात एक असते. आठ जोड्यांत आठही वेळा तसे झाले, तर निव्वळ योगायोगाची शक्यता २५६ मध्ये एक इतकी उतरते.

पोचेबरोबर आणखी एक नोंद ठेवावी. अनुयायी नसलेले किती वाचक आले आणि त्यांपैकी कितींनी विचारणा केली? पोच कमी असूनही विचारणा जास्त असेल, तर ती फळी योग्य वाचकांची आहे असे समजावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. #पुरात हा हॅशटॅग #पूर या यादीत का दिसत नाही?
२. मोजणीत #खव हा तुकडा आढळला, तर काय घडले असावे?
३. #कविता हा हॅशटॅग केवळ मराठी वाचकांपर्यंत नेतो का?

७.३ सारांश

हॅशटॅगची यादी अर्थावर लागत नसून अक्षरक्रमावर लागते. त्यामुळे लिपी, ऱ्हस्व-दीर्घ, विभक्ती आणि टंकनाची रीत यांपैकी काहीही बदलले तरी यादी बदलते. रोमन लिपीत लेखननियमांच्या अभावामुळे फाटे पडतात, तर देवनागरीत भाषेच्या रूपव्यवस्थेमुळे आणि टंकनभेदामुळे. लहान, नेमक्या फळीवर पोस्ट अधिक काळ दिसते. स्थलनाम दोन्ही लिपींत, मूळ रूपात आणि मजकुराच्या शेवटी देणे हा वाचकांच्या वेगवेगळ्या सवयींना सामावून घेणारा मार्ग आहे. हॅशटॅगने सापडण्याची सोय होते, व्यापक पोच मात्र त्याच्या हाती फारशी नसते.

७.४ पारिभाषिक शब्द

पोच : पोस्ट ज्यांच्या पडद्यावर आली अशा वेगवेगळ्या व्यक्तींची संख्या.
जोडचिन्ह : स्वतंत्र अक्षर नसून आधीच्या अक्षराला जोडले जाणारे चिन्ह. उदा. काना, उकार, अनुस्वार.
सामान्यरूप : विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे होणारे बदललेले रूप.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. सामान्यरूपात दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो आणि प्रत्यय जोडला जातो, त्यामुळे अक्षरक्रम वेगळा होतो.
२. मोजणाऱ्या साधनाने काना हे जोडचिन्ह शब्दाबाहेर धरले आणि #खवा तुटला.
३. नाही. हा शब्द हिंदीतही याच लिपीत व याच रूपात लिहिला जातो.

७.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावाचे किंवा तालुक्याचे नाव घ्या. ते समाजमाध्यमांवर देवनागरीत व रोमन लिपीत किती रूपांत हॅशटॅग म्हणून आढळते, याची यादी करा. प्रत्येक रूपाखालील शेवटच्या दहा पोस्टची तारीख, भाषा आणि विषय नोंदवा. कोणती रूपे लेखननियमांमुळे, कोणती विभक्तीमुळे आणि कोणती टंकनामुळे वेगळी झाली, याचे वर्गीकरण करून दोन पृष्ठांचे टिपण तयार करा आणि ते अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात मांडा.